रिटर्न छाननीला लागलं, आता प्रश्नावली आली: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या दुकानदार-शेतकऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

छाननीची नोटीस अनेक कारणांनी येते. आमच्या भागात सगळ्यात जास्त येते ती बचत खात्यात भरलेल्या रोख रकमेवरून, म्हणून इथे तेवढ्याच प्रकाराबद्दल लिहिलंय. उदाहरणासाठी एकाच माणसाचा हिशेब शेवटपर्यंत घेतला आहे. त्याचं बेळगाव तालुक्यातल्या एका गावात हार्डवेअरचं दुकान आहे आणि घरची थोडी शेती आहे. वर्ष २०२३-२४, म्हणजे निर्धारण वर्ष २०२४-२५. ओळख पटू नये म्हणून आकडे आणि तारखा बदलल्या आहेत, पण हिशेबाची घडी तीच आहे.

आयकर खात्याचा मेल आला म्हणजे छाननीच का?

नाही. रिटर्न भरल्यावर प्रत्येकाला कलम १४३(१) ची सूचना येते. संगणकाने बेरीज-वजाबाकी तपासून पाठवलेला तो कागद असतो आणि त्याला छाननी म्हणत नाहीत. छाननी सुरू होते ती कलम १४३(२) च्या नोटिशीने. त्यानंतर कलम १४२(१) खाली तपशीलवार प्रश्नावली येते, आणि खरं काम तिथे असतं.

नोटीस हातात आल्यावर दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे तिच्यावरचा डीआयएन, म्हणजे प्रत्येक नोटिशीचा स्वतंत्र ओळख क्रमांक. पोर्टलवर लॉगिन न करताही `Authenticate Notice/Order Issued by ITD` या ठिकाणी तो घालून नोटीस खरी आहे का ते कळतं. दुसरी म्हणजे तारीख. ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं ते संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत १४३(२) ची नोटीस बजावावी लागते. जुलै २०२४ मध्ये भरलेल्या रिटर्नसाठी ही मुदत ३० जून २०२५ ला संपली. नोटीस त्यानंतरची असेल तर पहिल्याच उत्तरात तशी हरकत नोंदवा.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. मात्र २०२३-२४ सारख्या जुन्या वर्षांच्या प्रकरणांना १९६१ चाच कायदा लागतो, म्हणून इथे जुने क्रमांक दिलेत.

माझंच रिटर्न का निवडलं? कुणी तक्रार केली का?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि बहुतेकांच्या डोक्यात भाऊबंदकीतला कुणीतरी असतो. तक्रारीवरून चौकशी कधी होतच नाही असं नाही, पण रोख भरण्याच्या प्रकरणांत कारण साधं असतं.

एका आर्थिक वर्षात बचत खात्यांत मिळून दहा लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली गेली की बँकेला ते आयकर खात्याला कळवावंच लागतं. सहकारी बँका आणि पोस्टही यात येतात. चालू खात्याची मर्यादा पन्नास लाख आहे. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे वाटून भरले तरी बँक पॅनवरून बेरीज करते. खातं नवरा-बायकोच्या नावे असेल तर पूर्ण रक्कम दोघांच्याही नावावर कळवली जाते. घरात दोन नोटिसा आल्या तर आधी हे तपासा, कारण एकच रक्कम दोनदा मोजली गेलेली असू शकते.

ही माहिती पोर्टलवरच्या तुमच्या वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे `AIS` मध्ये दिसते. निवड करणारी संगणक यंत्रणा ती रिटर्नशेजारी ठेवते. आमच्या दुकानदाराने रिटर्नमध्ये धंद्याचा नफा ३,६०,००० आणि करमाफ शेती उत्पन्न ३,२०,००० दाखवलं होतं. बचत खात्यात रोख भरली होती १९,४०,०००. उलाढाल २४,६०,००० होती आणि रिटर्नमध्ये ती लिहिलेलीही होती, पण धंद्याचे पैसे बचत खात्यात कसे, हे यंत्रणेला कळत नाही. तिला फक्त तफावत दिसते. तिचा अर्थ काय, हे सांगणं आपल्याकडे येतं.

‘मर्यादित छाननी’ आणि ‘संपूर्ण छाननी’ यात काय फरक?

मर्यादित छाननीच्या नोटिशीत मुद्दे लिहिलेले असतात. आमच्या दुकानदाराच्या नोटिशीत दोन होते: बचत खात्यातला रोख भरणा आणि शेतीचं उत्पन्न. चौकशी या दोन मुद्द्यांपुरतीच असते. ती वाढवायची तर अधिकाऱ्याला वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागते. संपूर्ण छाननीत अशी कुंपणं नसतात.

म्हणून प्रश्नावली वाचण्याआधी १४३(२) ची नोटीस पुन्हा वाचा आणि मुद्दे कागदावर लिहून भिंतीवर लावा. प्रश्नावली बऱ्याचदा ठरावीक नमुन्यातून येते आणि तिच्यात मुद्द्याबाहेरचे प्रश्नही असतात. दुकानदाराला पत्नीच्या दागिन्यांबद्दल विचारलं होतं. आम्ही एवढंच लिहिलं की हा प्रश्न नोटिशीतल्या दोन मुद्द्यांत बसत नाही, तरी त्याचा संबंध कळवल्यास माहिती देऊ. तो प्रश्न पुन्हा आला नाही.

चूक झाली असेल तर आता रिटर्न दुरुस्त करता येईल का?

निर्धारण वर्ष २०२४-२५ च्या सुधारित रिटर्नची मुदत १५ जानेवारी २०२५ ला संपली. त्यानंतर ‘अपडेटेड रिटर्न’चा रस्ता असतो, पण त्या वर्षाची छाननी चालू असताना तो बंद होतो. चूक असेल तर उत्तरातच ती स्वतःहून मांडावी लागते.

प्रश्नावलीत नेमकं काय विचारतात?

दुकानदाराला नऊ प्रश्न होते. धंद्याचं स्वरूप, सगळ्या बँक खात्यांची यादी आणि उतारे, उत्पन्नाची मोजणी, रोख भरण्याचा तारीखवार स्रोत पुराव्यासह, रोख वही, शेतजमिनीचे कागद, पिकं आणि विक्रीच्या पट्ट्या, शेतीचा खर्च, आणि ते दागिने.

यातला चौथा प्रश्न, रोख कुठून आली, हाच जीव आहे. बाकीचे बहुतेक त्याला आधार देणारे आहेत. लोक पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला दोन पानं खर्च करतात आणि चौथ्याला ‘धंद्याची व शेतीची रोख’ असं एका ओळीत उरकतात. घोडं अडतं ते तिथे.

रोखीचा स्रोत कसा मांडायचा?

भरलेल्या प्रत्येक रकमेमागे तेवढ्याच रकमेची पावती शोधत बसू नका. कुठल्याही दुकानात तशी जोडी सापडत नाही. वर्षभराचा रोख प्रवाह मांडा: हातात किती होती, किती आली, किती गेली, किती भरली. आमच्या दुकानदाराचा असा:

| तपशील | रुपये |
|---|---|
| १ एप्रिल २०२३ ची हातातली रोख | १,१०,००० |
| दुकानाची रोख विक्री | १६,००,००० |
| शेतमालाची रोख विक्री (रताळी) | २,७०,००० |
| बँकेतून काढलेली रोख | ४,५०,००० |
| एकूण | २४,३०,००० |
| दुकानाची रोख खरेदी व खर्च | २,६०,००० |
| घरखर्च | १,२०,००० |
| शेतीचा रोख खर्च | ६०,००० |
| बँकेत भरलेली रोख | १९,४०,००० |
| ३१ मार्च २०२४ ची शिल्लक | ५०,००० |

उरलेली ८,६०,००० ची विक्री यूपीआय आणि बँकेतून आलेली, म्हणून ती या तक्त्यात नाही. उसाचं १,४०,००० चं बिल कारखान्याने थेट खात्यात जमा केलं, म्हणून तेही नाही.

दोन ओळींवर अधिकारी बोट ठेवतो. पहिली सुरुवातीची रोख. आदल्या वर्षीच्या रिटर्नमध्ये ३१ मार्चची रोख शिल्लक लिहिलेली असेल तर ती आणि ही तंतोतंत एक हवी. कलम ४४एडी खाली अंदाजित नफा दाखवणारे लोक तो रकाना बेफिकिरीने भरतात आणि पुढच्या वर्षी अडकतात. दुसरी ओळ घरखर्चाची. चौघांचं कुटुंब आणि वर्षाला बारा हजार घरखर्च असं लिहिलं तर अधिकारी कागद तिथेच बाजूला ठेवेल.

वर्षाची बेरीज जुळली, आता झालं ना?

इथेच बहुतेक उत्तरं कोसळतात. वर्षाची बेरीज जुळूनही मधल्या एखाद्या दिवशी रोख शिल्लक उणे गेली तर सगळा तक्ता खोटा ठरतो. हातात नसलेले पैसे कुणी बँकेत भरू शकत नाही. अधिकारी तारखा लावून हेच बघतो. आपण ते आधी बघावं.

दुकानदाराचा महिनावार हिशेब लावला तेव्हा ऑगस्टअखेर असं दिसलं: सुरुवातीचे १,१०,०००, रोख विक्री ६,८०,०००, त्यातून खर्च १,५५,००० गेला आणि बँकेत ६,९०,००० भरले. शिल्लक उणे ५५,०००. रताळ्याचे पैसे दिवाळीच्या सुमारास येतात, त्यामुळे ते ऑगस्टमध्ये दाखवता येत नव्हते.

मग बँकेचा उतारा ओळ-ओळ वाचला. जून-जुलैत पेरणीच्या मजुरीसाठी त्याने एटीएममधून सात वेळा दहा-दहा हजार काढले होते. ही रक्कम त्याने वर्षाअखेर एकत्र धरली होती, त्या-त्या तारखेला नाही. ते ७०,००० जागेवर लावल्यावर ऑगस्टअखेर शिल्लक अधिक १५,००० झाली. खर्च आधीच धरलेला होता, फक्त काढलेली रोख चुकीच्या महिन्यात पडली होती.

अशा वेळी एक मोह होतो: शिल्लक उणे दिसली की सुरुवातीची रोख वाढवायची. तसं करू नका. तो आकडा खात्याकडे आधीपासून असतो.

बँकेतून काढून पुन्हा भरलेले पैसे मानतात का?

मानतात, पण मधल्या काळाचं कारण द्यावं लागतं. दुकानदाराने १२ ऑक्टोबर २०२३ ला ३,८०,००० काढले आणि ६ डिसेंबरला ३,५०,००० परत भरले. पंचावन्न दिवस पैसे घरात का होते? एका प्लॉटचं संचकारपत्र करायचं ठरलं होतं. विकणाऱ्याच्या भावाने वाटणीचा वाद काढला आणि व्यवहार मोडला. पुरावा म्हणून त्याच आठवड्यात घेतलेला स्टॅम्प पेपर आणि त्यावर टाइप केलेला, सह्या न झालेला मसुदा सापडला. तो जोडला.

बरं झालं की त्याने संचकाराची रोख हातात दिली नव्हती. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोख घेणं कलम २६९एसएसच्या विरुद्ध आहे, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड लागू शकतो.

चुलत्याकडून हातउसने घेतले होते असं लिहिलं तर?

खरं असेल तरी लिहिण्याआधी थांबा. वर सांगितलेलं कलम उसन्या पैशांनाही लागतं. वीस हजार किंवा जास्त रोख कर्ज घेतलं असं आपणच लिहून दिलं की एका प्रश्नातून सुटताना कलम २७१डीचा दंड ओढवून घेतला. एक सवलत आहे: देणारा आणि घेणारा दोघांचंही शेती उत्पन्न असेल आणि दोघांपैकी कुणाचंही करपात्र उत्पन्न नसेल तर बंदी लागू होत नाही. दुकानदाराचा नफा करपात्र उत्पन्नात धरला जातो, त्यामुळे त्याला ही सवलत नव्हती. आणि खोटं असेल तर चुलत्याला नोटीस जाईल, त्याचा बँक उतारा मागवला जाईल. घरात मग वेगळंच महाभारत.

शेतीचे कागद कन्नडमध्ये आहेत. चालतील का?

ही आपल्या भागाची खास अडचण आहे. छाननी आता फेसलेस असते. तुमचं प्रकरण बेळगावच्या अधिकाऱ्याकडे नसून देशातल्या कुठल्याही शहरातल्या निर्धारण युनिटकडे असू शकतं, आणि नोटिसा राष्ट्रीय फेसलेस केंद्राच्या नावे येतात. ‘पहाणी’ म्हणजे काय हे तिथल्या माणसाला माहीत असेल असं धरू नका. भूमी पोर्टलवरचा आरटीसी उतारा, त्याचा इंग्रजी अनुवाद आणि खाली ‘अनुवाद बरोबर आहे’ अशी सही, तिन्ही एकाच पीडीएफमध्ये द्या. उत्तरही इंग्रजीत किंवा हिंदीत.

दुकानदाराची अडीच एकर बेळगाव तालुक्यात आणि ०.६० हेक्टर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. एका कागदावर एकर-गुंठे, दुसऱ्यावर हेक्टर-आर. बाहेरचा माणूस दोन्ही आकडे एकाच मापाचे समजून बेरीज करू शकतो. आम्ही एका ओळीत लिहिलं: चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, ०.६० हेक्टर म्हणजे सुमारे एक एकर एकोणीस गुंठे, एकूण जमीन चार एकराच्या आसपास. सातबाराचाही अनुवाद जोडला.

चंदगडची जमीन अजून वडिलांच्या नावावर होती आणि ते वारलेले. मृत्यू दाखला, वंशावळ आणि जमीन आपणच कसतो असं प्रतिज्ञापत्र लागलं. उताऱ्यावर भावांचीही नावं असतील तर तुमच्या वाट्याचंच उत्पन्न तुमचं, सगळ्या जमिनीचं नाही.

पीक पाहणीचा रकाना जरूर वाचा. तुम्ही रताळी म्हणता आणि उताऱ्यावर त्या हंगामात भात लिहिलंय, असं खूपदा होतं, कारण नोंद मागच्या वर्षाचीच पुढे ओढलेली असते. अशा वेळी अडत पट्ट्या, बेण्याची आणि खताची बिलं, गाडीभाड्याच्या पावत्या यांचं वजन वाढतं. गुऱ्हाळवाल्यांनी आणखी एक लक्षात घ्या: ऊस विकला तर ते शेतीचं उत्पन्न, पण गूळ करून विकला तर त्यातला काही भाग धंद्याचं उत्पन्न धरला जाऊ शकतो.

अडत पट्टी कच्ची असेल तर?

कच्च्या पट्टीचा आधार कच्चाच. पट्टीवर तुमचं नाव, तारीख, वजन, दर, अडत-हमाली वजा करून निव्वळ रक्कम आणि अडत्याचा परवाना क्रमांक हवा. दुकानदाराच्या अकरा पट्ट्या होत्या. नऊ व्यवस्थित निघाल्या. उरलेल्या दोन, मिळून ४०,००० च्या, नुसत्या चिठ्ठ्या होत्या आणि त्यांवर त्याचं नावही नव्हतं. अडत्याने नव्या पट्ट्या करून देतो म्हटलं. आम्ही नको म्हटलं. मागच्या तारखेचा नवा कागद केला आणि अडत्याच्या वहीशी जुळला नाही, तर चांगल्या नऊ पट्ट्याही संशयात येतात. अडत्याने आपल्या वहीच्या त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत दिली असती तर गोष्ट वेगळी होती. ती त्याला सापडली नाही.

उत्तर पोर्टलवर कसं लावायचं?

लॉगिन करून `Pending Actions` मध्ये `e-Proceedings` उघडा. प्रत्येक नोटिशीखाली `Submit Response` असतं. एक मुख्य पत्र करा. त्यात प्रश्न जसाच्या तसा उतरवून खाली उत्तर, आणि उत्तराखाली कुठलं परिशिष्ट कुठल्या पानावर आहे ते लिहा. विचारलेला क्रम मोडू नका. अधिकारी आपली यादी घेऊन बसलेला असतो.

एका फाईलची मर्यादा ५ एमबी आहे, म्हणून पट्ट्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो आधी दाबून घ्या. नावं साधी ठेवा, चिन्हं टाळा:

```
Q4_Cash_Flow_FY2023-24.pdf
Q6_RTC_with_Translation.pdf
Q7_Sale_Patti_1_to_11.pdf
```

सगळे कागद तयार नसतील तर `Partial Response` निवडा. `Full Response` दाबलं की त्या नोटिशीला आणखी जोडता येईलच असं नाही. मुदत साधारण पंधरा दिवसांची मिळते. कमी पडत असेल तर ती संपण्याआधी पोर्टलवरच `Seek Adjournment` मधून वेळ मागा आणि कारण नेमकं लिहा: ‘चंदगड तलाठी कार्यालयातून फेरफार नक्कल मागवली आहे’. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहून काही साधत नाही. पाठवल्यानंतर पोचपावती उतरवून ठेवा.

उत्तर दिलंच नाही तर?

प्रत्येक चुकलेल्या नोटिशीला दहा हजार दंड, आणि कलम १४४ खाली अधिकारी आपल्या समजुतीप्रमाणे उत्पन्न ठरवतो. त्या समजुतीत भरलेली सगळी रोख येऊ शकते.

स्पष्टीकरण मानलं नाही तर कर किती?

स्पष्ट न झालेल्या रोखीला कलम ६९ए लागतं आणि कर कलम ११५बीबीईप्रमाणे: ६० टक्के, त्यावर २५ टक्के अधिभार, त्यावर ४ टक्के उपकर. स्लॅब नाही, वजावट नाही.

दुकानदाराला शेवटी कारणे दाखवा नोटीस आली, ती फक्त त्या दोन चिठ्ठ्यांच्या ४०,००० ची. बाकीचा तक्ता, महिनावार हिशेबासह, मान्य झाला. या टप्प्यावर व्हिडिओद्वारे सुनावणी मागता येते. त्याला नवं काही दाखवायचं नव्हतं, म्हणून मागितली नाही. कराचा हिशेब असा झाला: ४०,००० वर ६० टक्के म्हणजे २४,०००, अधिभार ६,०००, उपकर १,२००, एकूण ३१,२०० आणि वर व्याज. कलम २७१एएसी खाली कराच्या दहा टक्के, म्हणजे २,४०० चा दंड, त्याची नोटीस वेगळी आली.

अपील करावं का?

आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत फॉर्म ३५ ऑनलाइन भरून करता येतं. दुकानदाराने केलं नाही. अपीलात मांडायला त्या दोन चिठ्ठ्यांखेरीज त्याच्याकडे काही नव्हतं, आणि अडत्याच्या वहीचं ते पान अजून सापडलेलं नाही. यंदाच्या हंगामात मात्र तो पट्टीवर नाव घातल्याशिवाय पोती खाली उतरू देत नाही.